अंगठ्यावरचा फोकस

कॅमेऱ्याचं शटर बटण वरून एकच दिसतं, पण त्याला दोन पायऱ्या असतात. अर्ध्यापर्यंत दाबलं की कॅमेरा प्रकाश मोजतो आणि फोकस लावायला लागतो; पूर्ण दाबलं की फोटो निघतो. ऑटोफोकसचे कॅमेरे आल्यापासून छायाचित्रकारांच्या तर्जनीला हीच सवय लागलेली आहे, आणि घरचं कार्य असो, सहल असो की बाजारातली फेरी, ती चोख काम करते. अडचण येते ती फोकस लावण्याची वेळ आणि फोटो काढण्याची वेळ या दोन वेगळ्या असतात तेव्हा. दोन्ही आज्ञा एकाच बोटाकडे असल्यामुळे फोटो काढायला गेलं की फोकसची आज्ञाही पुन्हा सुटते, मग तो आधीच नीट लागलेला असला तरी.

बॅक-बटण फोकस म्हणजे या दोन आज्ञांची फारकत. शटर बटणाकडून फोकसचं काम काढून घ्यायचं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर, उजव्या अंगठ्याखाली येणाऱ्या एएफ-ऑन बटणाकडे द्यायचं. तर्जनी फक्त फोटो काढते, अंगठा फक्त फोकस सांभाळतो. कल्पना नवी नाही. कॅननने १९८९ मध्येच आपल्या ईओएस मालिकेतल्या फिल्म कॅमेऱ्यात ही सोय दिली होती. पुढे खेळांचे आणि वन्यजीवांचे छायाचित्रकार तिला इतके सरावले की अनेकांच्या मते कॅमेरा घेतल्यावर पहिलं काम हेच करायचं. मिररलेस कॅमेऱ्यांनी मात्र या सल्ल्यामागची निम्मी कारणं काढून घेतली आहेत. उरलेली निम्मी कोणती, हे नीट पाहिल्याशिवाय अंगठ्याला हे काम देऊ नये.

आधी अंगठा नेमकं काय देतो ते पाहू. कॅमेऱ्यात फोकसच्या दोन मुख्य पद्धती असतात. सिंगल, म्हणजे एएफ-एस, एकदा फोकस लावते आणि बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत तो तसाच धरून ठेवते. स्थिर विषयासाठी ती ठीक. कंटिन्युअस, म्हणजे एएफ-सी, ज्याला कॅनन सर्व्हो म्हणतो, बटण दाबलेलं असेपर्यंत फोकस सतत बदलत राहते. हलत्या विषयासाठी ती हवी. बॅक-बटण वापरणारा कॅमेरा कायम एएफ-सीवरच ठेवतो. अंगठा दाबून ठेवला तर फोकस विषयामागे धावतो. अंगठा उचलला तर फोकस आहे तिथेच थांबतो, आणि मग कितीही वेळा शटर दाबलं तरी हलत नाही. म्हणजे मेन्यूत न शिरता, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता, कंटिन्युअसमधून स्थिर फोकसवर आणि पुन्हा उलट जाता येतं. सगळा फायदा या 'उचलण्यात' आहे. ज्या कामात अंगठा कधीच उचलावा लागत नाही, तिथे बॅक-बटण आणि अर्धं दाबणं यांत फरक पडत नाही.

जुन्या डीएसएलआरमध्ये याचा सगळ्यात मोठा उपयोग होता तो फोकस लावून चौकट बदलण्यासाठी. त्या कॅमेऱ्यांत फोकसचे सेन्सर आरशाखालच्या वेगळ्या भागात असत आणि फोकसचे बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटीने बसवलेले असत. २००८ च्या कॅनन ५डी मार्क २ मध्ये छायाचित्रकाराला निवडता येणारे असे बिंदू अवघे नऊ होते. चेहरा चौकटीच्या कडेला हवा असेल, तर मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस लावायचा, अंगठा उचलायचा आणि कॅमेरा वळवून चौकट हवी तशी करायची. मिररलेसमध्ये फोकसचं काम मुख्य सेन्सरवरच होतं. सोनीच्या २०१७ च्या ए९ मध्ये ६९३ बिंदू चौकटीचा सुमारे ९३ टक्के भाग व्यापत होते, आणि आताचे बरेच कॅमेरे जवळजवळ कडेपर्यंत पोहोचतात. शिवाय चेहरा आणि डोळा ते स्वतः ओळखतात. त्यामुळे कॅमेरा वळवण्याची गरजच उरलेली नाही.

उलट, वळवण्यात नुकसान आहे, आणि ते मोजून दाखवता येतं. ५० मिमीची लेन्स, एफ/१.४ चं छिद्र, समोरची व्यक्ती एक मीटरवर, फुल-फ्रेम कॅमेरा. या हिशेबात स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली साधारण साडेतीन सेंटिमीटर भरते, म्हणजे डोळ्याच्या पुढे-मागे जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा ११ अंश वळवला, तर फोकसची सपाट पातळीही त्याच्याबरोबर वळते आणि डोळ्याच्या जवळजवळ दोन सेंटिमीटर मागे जाते. पापण्या मऊ, कानाजवळचे केस धारदार, असा फोटो येतो तो यामुळे. अशा कामाला मिररलेसवर शटर अर्धं दाबून डोळ्याचा फोकस चालू ठेवणंच सरस. पोर्ट्रेट काढणाऱ्याने केवळ जुन्या शिफारशीवरून बॅक-बटणाकडे जाण्याचं कारण नाही.

मग ते जिंकतं कुठे? उजनी जलाशयाच्या काठावर त्याचं उत्तर चांगलं सापडतं. भीमेवरच्या या धरणाच्या फुगवट्यात, भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि त्यांच्यासाठी मच्छीमारांच्या नावांतून छायाचित्रकारांच्या फेऱ्या चालू असतात. पण फोकसची खरी परीक्षा पाहणारा पक्षी तिथे वेगळाच आहे: कवड्या खंड्या. काळ्या-पांढऱ्या पिसांचा हा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत हवेत थांबतो, चोच खाली रोखून बघतो आणि सूर मारतो. मासा मिळाला की पुष्कळदा तो एखाद्या काठीवर किंवा वाळक्या फांदीवर येऊन बसतो आणि मासा आपटून गिळतो. बसणं, हवेत थांबणं, सूर मारणं आणि परत येणं, या चार अवस्थांत फोकसची मागणी चार प्रकारची असते, आणि त्या काही सेकंदांत एकमेकींमागे येतात.

समजा, ६०० मिमीची लेन्स एफ/६.३ वर आहे आणि खंड्या पंधरा मीटरवरच्या काठीवर बसला आहे. फुल-फ्रेम सेन्सरच्या नेहमीच्या हिशेबाने स्पष्टतेची खोली इथे सुमारे २४ सेंटिमीटर येते. पक्ष्याएवढी जागा त्यात मावते, पण फार सैल नाही. आता काठीच्या अलीकडे लव्हाळ्याची दोन-तीन पाती आहेत आणि वाऱ्यावर हलतायत. आजचे कॅमेरे पक्षी ओळखतात हे खरं, तरी कवड्या खंड्याचा काळा डोळा काळ्याच पट्ट्यात बसलेला असतो, त्यामुळे डोळ्याची पकड सुटायला निमित्त पुरतं. पातं डोक्यावरून गेलं की कॅमेरा कधी पात्यावर येतो, कधी पक्ष्यावर परततो. शटर अर्धं दाबून एएफ-सी चालवणाऱ्याला प्रत्येक फोटोच्या वेळी हा जुगार पुन्हा खेळावा लागतो, कारण बोट खाली गेलं की फोकसही जागा होतो.

अंगठ्यावर फोकस असेल तर काम दोन टप्प्यांत होतं. पातं बाजूला झालेल्या क्षणी अंगठा दाबायचा, व्ह्यूफाइंडरमध्ये पिसांचे पदर उकलून दिसले की उचलायचा. फोकस आता पंधरा मीटरवर बसला. पाती कितीही हलोत, ती धुरकट पट्ट्यासारखी दिसतील, पक्षी मात्र शार्प राहील. तर्जनी मोकळी असल्यामुळे पक्षी मान वळवेल, पिसं फुलवेल, तेवढ्याच क्षणी फोटो घेता येतो. हीच पद्धत ताडोबात बांबूच्या काटक्यांआडून दिसणाऱ्या वाघालाही लागू पडते, पिंजऱ्याच्या जाळीआडच्या प्राण्यालाही. मधल्या अडथळ्याकडे दुर्लक्ष करायचं आहे हे माणसाला कॅमेऱ्याच्या आधी कळतं. अंगठा उचलणं म्हणजे ते कॅमेऱ्याला सांगणं.

इथे एक मर्यादा आहे. नाव पाण्यावर आहे, ती सरकते. २४ सेंटिमीटरच्या खोलीत फोकस मध्यावर असेल तर पुढे-मागे १२ सेंटिमीटरची मुभा मिळते, आणि नावाड्याने वल्हं नुसतं टेकवलं तरी तेवढं अंतर सहज बदलतं. म्हणून नावेत अंगठा एकदा उचलून निर्धास्त राहता येत नाही. दर काही सेकंदांनी, पक्षी मोकळा दिसताच, त्याला पुन्हा एक टिचकी द्यावी लागते. किनाऱ्यावर, तिपाईवर किंवा हाईडमध्ये बसलेल्याला ही काळजी नसते. अंगठा उचलणं किती वेळ टिकेल, हे कॅमेरा आणि विषय यांच्यातलं अंतर किती स्थिर आहे त्यावर ठरतं, आणि नवशिक्याचे अर्धे फोटो याच ठिकाणी बिघडतात.

खंड्या उडतो आणि पाण्यावर हवेत थांबतो, तेव्हा भूमिका उलटते. आता अंगठा दाबूनच ठेवायचा, कॅमेऱ्याला पाठलाग करू द्यायचा. फोकसचं क्षेत्र मोठं हवं, पक्षी ओळखण्याची सोय चालू हवी. या अवस्थेत अर्धं दाबणाराही तितकंच चांगलं काम करतो, आणि हे मान्य करायला हवं. फरक दिसतो तो पकड सुटल्यावर. पक्षी चौकटीतून निसटला आणि फोकस थेट पलीकडच्या काठावर जाऊन बसला, की अर्धं दाबणाऱ्याला तर्जनी पूर्ण उचलून पुन्हा दाबावी लागते. त्यात चालू असलेली फोटोंची मालिका तुटते. बॅक-बटणवाला फक्त अंगठा उचलतो, पक्षी चौकटीत आणतो, पुन्हा दाबतो. शटरवरचं बोट तिथेच राहतं.

तर्जनी जागेवर राहण्याला गेल्या काही वर्षांत नवं मोल आलं आहे, ते प्री-कॅप्चरमुळे. ऑलिंपसने २०१६ च्या ई-एम१ मार्क २ मध्ये प्रो कॅप्चर या नावाने ही सोय आणली. पुढे निकॉन झेड९, कॅनन आर७, सोनी ए९ ३ अशा कॅमेऱ्यांत ती आपापल्या नावांनी आली. शटर अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फोटो घेत राहतो, पण ते साठवत नाही, फक्त शेवटच्या क्षणांचे तात्पुरते धरून ठेवतो. पूर्ण दाबलं की दाबण्यापूर्वीचे फोटोही कार्डावर उतरतात. पक्षी झेपावल्याचं डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत जो वेळ जातो, तो असा भरून निघतो. पण या सोयीत अर्ध्या दाबण्याला आधीच एक काम दिलेलं आहे: स्मृती भरत ठेवणं. फोकसही त्याच बोटावर असेल, तर फांदीवर फोकस रोखून ठेवायचा आणि स्मृतीही भरत ठेवायची, या दोन गोष्टी एएफ-सीमध्ये एकत्र जमत नाहीत. फोकस सावरायला बोट उचललं की धरून ठेवलेले क्षण गेले. अंगठ्याकडे फोकस दिला की दोन्ही गोष्टी सुट्या होतात. मिररलेसवर बॅक-बटण वापरण्याचं सगळ्यात भक्कम नवं कारण हे आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते.

चौथी अवस्था सगळ्यात रोचक: मासा घेऊन परतणारा खंड्या. तो त्याच काठीवर येईल याची शक्यता बरीच आहे, पण काठी आत्ता रिकामी आहे. पक्षी ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला तिथे ओळखण्यासारखं काही नाही, आणि अर्धं दाबलं तर तो पाण्यावर किंवा मागच्या झुडपावर जाईल. म्हणून फोकसचं क्षेत्र लहान करून काठीच्या टोकावर अंगठ्याने फोकस लावायचा, अंगठा उचलायचा आणि तर्जनीने अर्धं दाबून प्री-कॅप्चर भरत ठेवायचं. पक्षी आला की पूर्ण दाबायचं.

पण किती फोटो शार्प येतील? हे पक्षी कोणत्या दिशेने येतो त्यावर ठरतं, आणि तो हिशेब आधी करून ठेवलेला बरा. समजा कॅमेरा सेकंदाला २० फोटो घेतो, म्हणजे दोन फोटोंत ०.०५ सेकंदाचं अंतर. समजा पक्षी सेकंदाला आठ मीटर वेगाने थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतोय. २४ सेंटिमीटरचा स्पष्ट पट्टा तो ०.०३ सेकंदात पार करील. म्हणजे त्या पट्ट्यात एखादा फोटो सापडेल, किंवा एकही नाही. तोच पक्षी डावीकडून उजवीकडे, कॅमेऱ्याशी समांतर उडत काठीवर आला, तर अंतर बदलतच नाही, आणि चौकटीत शिरल्यापासून बसेपर्यंतचा प्रत्येक फोटो स्पष्ट येऊ शकतो. म्हणून रोखलेल्या फोकसवर भरवसा ठेवणाऱ्याने आधी दोन-तीन फेऱ्या नुसत्या पाहाव्यात, पक्षी पाण्यावरून कोणत्या वाटेने परततो ते लक्षात घ्यावं आणि नाव त्या वाटेला आडवी लावायला सांगावी. वाट थेट समोरून येणारी असेल, तर फोकस रोखण्याचा नाद सोडून अंगठा दाबून पाठलाग करणंच शहाणपणाचं. बॅक-बटणावर हा निर्णय पक्षी हवेत असतानाही फिरवता येतो.

आता कॅमेऱ्यातली मांडणी. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलं आहे, पण बदल एकच आहे. सोनीमध्ये `AF w/ Shutter` हे `Off` करायचं. निकॉनमध्ये `AF activation` मध्ये जाऊन `AF-ON only` निवडायचं. कॅननमध्ये बटणांच्या मांडणीत शटर अर्धं दाबण्याला असलेलं `Metering and AF start` काढून `Metering start` द्यायचं. फुजीफिल्ममध्ये `SHUTTER AF` बंद करायचं. सगळीकडे फोकसची पद्धत एएफ-सी, कॅननमध्ये सर्व्हो. छोट्या आकाराच्या काही कॅमेऱ्यांना एएफ-ऑन बटण नसतं. तिथे `AEL` किंवा अंगठ्याखालचं दुसरं एखादं बटण त्या कामाला लावता येतं. बदल झाला की नाही हे तपासणं सोपं आहे. जवळच्या आणि लांबच्या अशा दोन वस्तू ठेवाव्यात, जवळच्या वस्तूवर अंगठ्याने फोकस लावावा, मग कॅमेरा लांबच्या वस्तूकडे वळवून शटर अर्धं दाबावं. लांबची वस्तू धूसरच राहिली तर मांडणी बरोबर आहे.

मिररलेसमध्ये मात्र इथे दोन खड्डे आहेत, जे डीएसएलआरवरून आलेल्याला ठाऊक नसतात. पहिला, कोणतंही बटण न दाबता चालणारा फोकस. कॅनन त्याला `Preview AF` म्हणतो, सोनी आणि फुजीफिल्म `Pre-AF`. फोकस लवकर लागावा म्हणून कॅमेरा आपल्या मनाने लेन्स हलवत राहतो. ही सोय चालू असेल तर अंगठा उचलूनही फोकस जागेवर राहीलच असं नाही, आणि बॅक-बटण वापरण्याचा हेतूच बुडतो. मेन्यू शोधून ती बंद करावी. बॅटरीही थोडी वाचते.

दुसरा खड्डा झोपेचा. मिररलेसच्या बहुतेक लेन्समध्ये फोकसची रिंग आतल्या काचांना थेट जोडलेली नसते. मोटर त्यांना जागेवर धरते. कॅमेरा वीज वाचवण्यासाठी झोपला किंवा बंद केला, की काही लेन्समध्ये फोकसची जागा हलते. काठीवर रोखलेला फोकस दहा मिनिटांनी जागं केल्यावर तिथे नसतो, आणि उडत आलेल्या पक्ष्याच्या पहिल्याच मालिकेत हे कळतं. निकॉनच्या झेड मालिकेत यासाठी `Save focus position` ही सोय दिली आहे. इतरांनी घरीच करून पाहावं: एखाद्या वस्तूवर फोकस लावून अंगठा उचलायचा, कॅमेरा आपोआप झोपू द्यायचा, जागा करायचा आणि चित्र मोठं करून बघायचं. फोकस हलत असेल तर हाईडमध्ये झोपेची वेळ वाढवून ठेवायची आणि जागं केल्यावर काठीवर पुन्हा एकदा अंगठा टेकवायचा.

बिघडलेल्या फोटोंवरून चूक कुठे झाली तेही ओळखता येतं. मालिकेतला पहिला फोटो शार्प आणि पुढचे क्रमाने धूसर होत गेले असतील, तर अंगठा मध्येच उचलला गेला आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत हे हमखास घडतं. उत्साहात तर्जनी दाबली जाते आणि अंगठा सैल पडतो. मालिकेच्या मध्यावर पक्षी अचानक धूसर आणि मागचं झुडूप स्वच्छ झालं असेल, तर अंगठा ठीक होता, कॅमेऱ्याची पकड सुटली. क्षेत्र लहान करून पाहावं. आणि सगळेच फोटो थोडे थोडे अस्पष्ट असतील, चौकटीत कुठेच धारदार पट्टा सापडत नसेल, तर दोष फोकसचा नाही. ती हाताची किंवा नावेची थरथर आहे, शटरचा वेग वाढवायला हवा. फोकस चुकलेल्या फोटोत पाण्यावर, गवतावर किंवा फांदीवर कुठे तरी एक रेघ स्वच्छ सापडते. तिच्यावरून लेन्स किती पुढे किंवा मागे गेली होती ते कळतं.

अंगठ्याकडे काम दिल्याचा एक तोटा खरा आहे आणि तो कमी लेखू नये. फोकसचा बिंदू हलवणारी जॉयस्टिकही त्याच अंगठ्याखाली असते. एका अंगठ्याने एएफ-ऑन दाबून त्याच वेळी बिंदू हलवता येत नाही. विषय ओळखून चौकटभर त्याचा माग काढणाऱ्या कॅमेऱ्यात ही अडचण बरीच सौम्य होते, कारण बिंदू हाताने हलवावाच लागत नाही. पण बहुरूप्याच्या रंगवलेल्या चेहऱ्यापाशी, मुखवट्यापाशी किंवा कीटकांच्या जवळून घेतलेल्या फोटोत कॅमेऱ्याची ओळख फसू शकते आणि जॉयस्टिक लागते, तेव्हा तर्जनीवरचा फोकस मोकळा वाटतो. जड लेन्स हातात धरून दिवसभर उभं राहणाऱ्याचीही तक्रार रास्त आहे: अंगठा पकडीतून निघून बटणावर गेला की उजव्या हाताची मूठ सैल होते आणि मनगट दुखतं.

मॅक्रोमध्ये तर दोन्ही पद्धती फारशा कामाच्या नाहीत, पण अंगठ्याचा एक उपयोग आहे. विषय सेन्सरवर खऱ्या आकारात उतरतो तेव्हा, एफ/८ ला, स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. श्वास घेतला तरी ती ओलांडते. तिथे अंगठ्याने फोकस साधारण जवळ आणायचा, उचलायचा आणि मग सगळं शरीर पुढे-मागे झुकवत माशीचा डोळा त्या पातळीत येईल तेव्हा शटर दाबत राहायचं. अर्ध्या दाबण्यावर फोकस असेल तर प्रत्येक वेळी लेन्स पुढे-मागे धावू लागते आणि झुकण्याचा सगळा अंदाज वाया जातो.

दोन्ही पद्धतींचं चांगलं तेवढं घेण्याचा मार्गही मिररलेसने खुला केला आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत पाठीवरच्या दोन बटणांना फोकसची दोन वेगवेगळी क्षेत्रं देता येतात. पक्षी पाहणारे कॅननवाले बरेचदा एएफ-ऑनला लहान क्षेत्र देतात आणि शेजारच्या तारांकित बटणाला डोळा शोधणारा फोकस. लव्हाळ्याआडच्या खंड्यावर लहान क्षेत्र, तो उडाला की अंगठा अर्धा इंच सरकवून दुसरं बटण. सोनीच्या बऱ्याच मोठ्या लेन्सवर डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी फोकस रोखणारं बटण असतं. ज्याला अर्धं दाबण्याची सवय सोडायची नाही, त्याने ते बटण दाबून धरावं: तर्जनी एएफ-सी चालवते, डावा अंगठा तो थांबवतो. उलट्या बाजूने तेच साधलं. लग्नात चालत्या माणसांचे आणि मंगळसूत्राच्या क्षणाचे फोटो सलग घेणाऱ्याला ही दुसरी मांडणी जास्त सोयीची जाते, कारण त्याच्या कामात फोकस बहुतेक वेळ चालूच हवा असतो आणि थांबवण्याची वेळ क्वचित येते. पक्ष्यांमागे फिरणाऱ्याचं उलट आहे.

आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देण्याचा प्रश्न उरतोच. हाईडमधून बाहेर आल्यावर सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला कुणाला तरी कॅमेरा दिला जातो; तो माणूस शटर दाबतो, आवाज होतो, आणि फोकस शेवटच्या खंड्यावर, पंधरा मीटरवर, तसाच असतो. त्याला पाठीवरचं बटण समजावून सांगण्यापेक्षा शटरचा फोकस पुन्हा चालू करून देणं बरं. ती ओळ मेन्यूत खोल न ठेवता `My Menu` मध्ये पहिल्या जागी ठेवली, की हा बदल काही सेकंदांत होतो, आणि परत घेताना तो उलटा करायचा राहिला तर काठीवर पुढचा फोकस रोखताना पहिल्याच शटरला लक्षात येतं.